जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्याचे फोटो कसे काढावेत, म्हणजे ते ओळखता येईल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरून हंडा, घंगाळ, चरवी, समई असं काही खाली येतं आणि घरातलं कुणी विचारतं, "हे किती जुनं असेल?" मग फोटो निघतो आणि जाणकाराकडे जातो. मला असे फोटो पुष्कळ येतात. बहुतेकांत भांडं सुरेख दिसतं, पण ज्यावरून ते ओळखायचं तेच दिसत नाही. म्हणून नेहमीच्या शंकांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरण म्हणून साताऱ्याकडच्या एका घरातला तांब्याचा हंडा घेतला आहे. त्याचे फोटो दोनदा काढावे लागले, आणि दुसऱ्या खेपेला तो बराच बोलका झाला.

समोरून एक स्वच्छ फोटो पुरत नाही का?

नाही. त्या हंड्याचा पहिला फोटो ओट्यासमोर, फ्लॅश मारून काढला होता. त्यावरून मला एवढंच सांगता आलं की हा पाण्याचा तांब्याचा हंडा आहे, आणि ते घरातल्यांना आधीच ठाऊक होतं. हंड्याचा आकार शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. काळ कळतो तो तीन गोष्टींवरून: भांड्यावर काय कोरलंय, पत्रा कुठे आणि कसा जोडलाय, आणि ते कुठे झिजलंय. या तिन्ही गोष्टी समोरून दिसत नाहीत. एक बुडाशी असते, एक आतल्या बाजूला आणि एक गळ्याच्या सावलीत.

फोटोआधी घासून लख्ख केलं तर खुणा जास्त उठून दिसतील ना?

कृपया घासू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण माझ्या आजोळच्या चरवीवरचं नाव आम्हीच घालवलं. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासत होतो. आज त्या जागी बोट फिरवलं की किंचित खडबडीत लागतं, वाचता मात्र काही येत नाही. जुन्या भांड्यांवरची नावं बहुधा टोच्याने टिंबं मारून घातलेली असतात आणि ती टिंबं उथळ असतात. टिंबांत साचलेला काळपटपणा हीच अक्षरांची शाई. घासल्यावर शाई जाते, आणि कडा गोल झाल्या की पुढे उजेडाचीही मदत होत नाही.

दुसरं असं की सांध्याचा रंग, काजळी, पाण्याच्या क्षारांची पांढरी रेघ, खोबणीतला जुना मळ हे सगळे पुरावे आहेत. जाळी-धूळ मऊ कोरड्या फडक्याने झटका आणि तिथेच थांबा. घासायचंच असेल तर फोटो काढून झाल्यावर, आणि कोरीव जागा सोडून.

उजेड कसा असावा?

सर्वसाधारण फोटोंसाठी खिडकीजवळचा, थेट ऊन न येणारा उजेड सगळ्यात बरा. धातू आरशासारखा वागतो. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा ठिपका उमटतो, आणि सांधा किंवा अक्षरं नेमकी त्याखाली दडतात. तुमचा लाल शर्ट, हिरवी भिंत, वरची ट्यूबलाइट हे सगळंही भांड्यात दिसतं आणि तांब्याचा रंग फसवा होतो. खाली करडी किंवा फिकट, बिननक्षीची चादर घाला. खोलीतले दिवे बंद ठेवा, म्हणजे दोन रंगांचा उजेड एकमेकांत मिसळणार नाही.

भांड्याशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा आणि तो फोटोत येऊ द्या. कागद पिवळट दिसला तर तांबंही खऱ्यापेक्षा पिवळं दिसतंय हे पाहणाऱ्याला कळतं. ही बारीक गोष्ट सांध्याच्या वेळी फार उपयोगी पडते.

मोबाइल पुरतो का? जवळून काढलेले फोटो धूसर येतात.

पुरतो. धूसर येतात ते फार जवळ गेल्यामुळे. बऱ्याच मोबाइलच्या मुख्य लेन्सला एक वीतभर तरी अंतर लागतं. त्याच्या आत गेलात की ती नीट फोकस करू शकत नाही. थोडं मागे या, दुप्पट झूम करा, जागेवर बोट दाबून धरा आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्या. आयफोनवर बोट दाबून धरल्यावर `AE/AF LOCK` असं दिसतं. मग बोट खाली ओढून उजेड किंचित कमी करा. चकाकणाऱ्या धातूचा फोटो जरा काळपट आला तरी चालतो, कारण त्यातला तपशील नंतर वर आणता येतो. जो भाग पांढरा पडला तो मात्र गेलाच.

पूर्ण भांड्याचा फोटोसुद्धा दीड मीटरवरून, झूम करून काढा. अगदी जवळून काढला तर पोट फुगीर आणि बूड निमुळतं दिसतं, आणि भांड्याचा घाट ओळखणारा चुकतो. मोबाइल भांड्याच्या मध्याच्या उंचीवर धरा, वरून वाकून नको.

नाव पुसट आहे. नुसत्या डोळ्यांना दिसतं, फोटोत येत नाही. काय करू?

यासाठी तिरका उजेड लागतो, आणि माझ्या मते अख्ख्या कामात हीच सगळ्यात मोलाची युक्ती आहे. संध्याकाळी किंवा पडदे ओढून खोली अंधारी करा. मोबाइल कशाला तरी टेकवून कोरीव जागेच्या बरोबर समोर स्थिर ठेवा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, असा की उजेड अक्षरांवर न पडता अक्षरांवरून घसरत जाईल. प्रत्येक टिंबाची एक कड उजळते आणि दुसरीत सावली भरते. जे पुसट होतं ते वाचता येऊ लागतं.

पण एका बाजूने उजेड देऊन थांबू नका. उजेड ज्या दिशेने जातो त्याच दिशेची रेघ सावली टाकत नाही, म्हणून ती दिसेनाशी होते. त्या हंड्याच्या खांद्यावर नावाखाली "श" आणि पुढे चार आकडे होते. डावीकडून टॉर्च धरून काढलेल्या फोटोत ते १८३१ असे वाचले जात होते. मी वरून उजेड देऊन पुन्हा काढायला सांगितलं. तेव्हा शेवटच्या आकड्याला जोडलेली आडवी टिंबं उमटली आणि तो १ नसून ९ निघाला. एका फोटोमुळे आठ वर्षांचा फरक पडला. तेव्हा वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून असे चार फोटो काढा, मोबाइल जराही न हलवता.

एक सावधगिरी. उजेड खालून आला की खळगे उंचवटे वाटतात, कारण उजेड वरून येतो असं डोळा धरून चालतो. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर उजेड कुठल्या बाजूने होता ते लिहा.

इतकं करूनही वाचता आलं नाही तर पातळ कागद जागेवर घट्ट धरून मऊ पेन्सिलचं शिसं आडवं फिरवा आणि त्या ठशाचा फोटो काढा. धड, मजबूत धातूवर हे चालतं. मुलामा किंवा रंग सुटत असेल तिथे करू नका. खोबणीत पावडर, पीठ, शाई भरू नका. ते कायमचं अडकतं.

अक्षरं मोडीत आहेत, आकड्यांचा अर्थ लागत नाही. तरी फोटो काढू का?

अवश्य. तुम्हाला वाचता यायची गरज नाही, पूर्ण ओळ मात्र आली पाहिजे. भांडं गोल असल्यामुळे ओळ वळत जाते. एकाच फोटोत मावत नसेल तर भांडं थोडं थोडं फिरवून काढा आणि प्रत्येक फोटोत मागच्याची दोन-तीन अक्षरं पुन्हा येऊ द्या. मोडीत शब्द सुटे नसतात, त्यामुळे तुटलेली ओळ जाणकारालाही अडते.

आकड्यांपुढे "श" किंवा "शके" असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष ते फाल्गुन यांतल्या १ जानेवारीपासूनच्या दिवसांसाठी ७९. "संवत" असेल तर बहुधा ५७ वजा करायचे. म्हणजे आपल्या हंड्यावरचं शके १८३९ हे १९१७ किंवा १९१८.

आता एक खूण, जी लोक हमखास ओरखडा समजून सोडून देतात. आकड्यापुढच्या उभ्या रेघा. जुन्या हिशेबात एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. हंड्याच्या काठाखाली "४॥" असं होतं आणि घरातले ते ४११ वाचत होते. ते साडेचार आहे. तांबं-पितळ तोलून विकलं जाई, त्यामुळे असा आकडा बहुधा वजनाचा, शेरांतला. त्याचा पडताळा पुढे आहे.

सांधे कुठे शोधायचे आणि त्यांचा फोटो कसा घ्यायचा?

हाताने घडवलेला मोठा हंडा एका पत्र्याचा नसतो. तांबट पोट, बूड, गळा वेगळे घडवून जोडतो. पत्र्याच्या एका कडेला छिन्नीने लहान दात कापायचे, एक दात वर आणि पुढचा खाली वाकवायचा, मध्ये दुसऱ्या पत्र्याची कड सरकवायची, ठोकून सपाट करायचं आणि टाकणखार घालून पितळी डागाने, म्हणजे सांध्यात वितळवून भरलेल्या पितळाने, झाळायचं. वर्षानुवर्षांनंतरही लालसर तांब्यात ही दातेरी, पिवळसर रेघ दिसते. जुन्या दाराच्या कंगोऱ्यासारखी ती भांड्याभोवती किंवा पोटावरून खाली जाते.

शोधायला डोळ्यांपेक्षा बोट बरं. बाहेरून मठारून, म्हणजे हातोडीने ठोकून, सपाट केलेला सांधा आतून हाताला लागतो. सापडला की खडूने शेजारी, सांध्यावर नव्हे, छोटी खूण करा आणि तीन फोटो काढा: सांधा भांड्यावर कुठे आहे हे दाखवणारा लांबून, दात मोजता येतील असा जवळून, आणि तीच जागा आतून. आतल्या फोटोसाठी भांड्यात विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा करा आणि टॉर्च त्या कागदावर मारा. परतून आलेला मऊ उजेड आतली बाजू उजळतो आणि लेन्सला चकाकी लागत नाही.

इथे रंग खरा यायला हवा, कारण मूळ सांधा आणि नंतरची दुरुस्ती रंगावरूनच वेगळी कळते. पितळी डाग पिवळा दिसतो. कथील-शिशाचा डाग करडा असतो आणि बहुधा पत्र्यावर ओघळल्यासारखा पसरलेला. आपल्या हंड्याच्या बुडाला आतून एक गोल ठिगळ होतं, भोवती करडा डाग. रंग फसवा आला असता तर ते ठिगळ "मूळचं बूड" वाटलं असतं. कागदाचा पांढरा तुकडा शेजारी होता म्हणून फरक स्पष्ट झाला: बुडाचा खरा सांधा त्याच्याबाहेर, पिवळा आणि दातेरी आहे, आणि ठिगळ पुढे कधीतरी भोक पडल्यावर लावलेलं.

सांधा अजिबात सापडला नाही तर तेही फोटोत दाखवा. फिरत्या यंत्रावर पत्रा साच्यावर दाबून केलेल्या भांड्याला सांधा नसतो. बुडाच्या आत मधोमध एक बिंदू आणि त्याभोवती बारीक वर्तुळं असतात. पण नुसत्या वर्तुळांवर जाऊ नका. ओतीव पितळी समई कातावर साफ केली की तिच्यावरही वर्तुळं येतात. तिची जाडी जास्त असते आणि न कातलेल्या खालच्या भागात वाळूची खरबरीत पोत राहते. म्हणून काठाच्या जाडीचा एक फोटो, पट्टी लावून, जरूर काढा.

हातोडीच्या खुणा आहेत, म्हणजे हातचंच ना?

नक्की सांगता येत नाही. मठारकाम पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीची ओळख आहे आणि ते आजही होतं. यंत्रावर काढलेल्या भांड्यालाही वरून ठोके देतात. ठोक्यांचा फोटो तिरक्या उजेडात काढा आणि त्याच जागेचा आतूनही. फक्त बाहेर, सगळीकडे सारखे ठोके असतील तर ते शोभेचे असण्याची शक्यता जास्त. घडवताना पडलेले ठोके आकाराबरोबर बदलतात, वळणावर दाट होतात.

झीज फोटोत दाखवायची म्हणजे काय दाखवायचं?

झिजलेली जागा आणि तिच्या शेजारची न झिजलेली जागा, दोन्ही एकाच चौकटीत. नुसता गुळगुळीत भाग पाहून काही कळत नाही.

भांडं हातात घ्या आणि ते वापरलं जायचं तसं धरा, टेकवा, ओता. तुमचा हात आणि जमीन जिथे लागते तिथे झीज असायला हवी: बुडाचा सर्वांत खोल भाग, काठाची एक बाजू, कडीचं भोक, समईत वात ठेवायची चोच, अडकित्त्याची खीळ. कडीच्या भोकाचा फोटो विशेष बोलका असतो, कारण वर्षानुवर्षं लोंबल्यावर गोल भोक वरच्या अंगाला लांबट होतं.

हंड्याच्या बुडाला काजळी नव्हती, आत कल्हई नव्हती, आणि गळ्याच्या जरा खाली क्षारांची आडवी रेघ होती. म्हणजे तो चुलीवर चढला नाही, पाणी भरून ठेवायलाच वापरला गेला. एका कुशीला उथळ पोचे होते, कमरेवर घेऊन येताना उंबऱ्याला किंवा विहिरीच्या काठाला आपटल्यासारखे.

बाजारात औषधं लावून काळवलेली नवी भांडी "अँटिक" म्हणून मिळतात. त्यांत काळेपणा सगळीकडे सारखा असतो, हात लागणाऱ्या जागीही आणि न लागणाऱ्या जागीही. बुडाचा आणि कडीच्या आतल्या भागाचा फोटो असेल तर हे बऱ्याचदा कळतं. खात्री करायला ओरखडा काढून पाहू नका.

मापासाठी नाणं ठेवू का?

पट्टी ठेवा. रुपयाच्या नाण्याचे आकार वेळोवेळी बदलले आहेत, आणि परदेशातल्या माणसाला ते ठाऊकही नसतं. पट्टी खुणेच्याच पातळीत हवी. ती मागे टेबलावर पडली असेल तर माप चुकतं. उंची, तोंडाचा आणि पोटाचा व्यास लिहून पाठवा.

आणि वजन करा. फोटोतून वजन कळत नाही, तरी काट्याचा आकडा दिसेल असा फोटो सर्वांत उपयोगी फोटोंपैकी एक ठरतो. आपला हंडा ४ किलो ६० ग्रॅम भरला. ऐंशी तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे साडेचार शेर ४ किलो २०० ग्रॅमच्या आसपास. शंभर वर्षांची घासाघीस धरली तर हे जुळतं. शेर गावोगाव वेगळे होते, त्यामुळे मी याला पक्का पुरावा म्हणत नाही. पण "४॥" म्हणजे साडेचार शेर या वाचनाला चांगला आधार मिळाला.

मग शेवटी त्या हंड्याबद्दल काय सांगता आलं?

हाताने घडवलेला, दातेरी सांध्याचा, पाण्याचा हंडा. खांद्यावरच्या ओळीत एका मुलीचं नाव आणि "आंदण" हा शब्द, खाली शके १८३९. घरच्यांनी वंशावळ काढली तेव्हा ते नाव पणजीचं निघालं. बूड नंतर कुणीतरी ठिगळ लावून वाचवलेलं.

काय सांगता आलं नाही तेही लिहितो. कोरलेलं वर्ष लग्नाचं आहे, हंडा घडवल्याचं नव्हे. घरातलंच जुनं भांडं नाव घालून मुलीला दिलं असणंही शक्य आहे. आणि कुठल्या गावच्या तांबटाने घडवला हे या फोटोंवरून ठरत नाही, कारण कारागिराचा ठसा कुठेच नव्हता. ठसा असता तर तो काठाखाली किंवा बुडाशी छोट्या चौकोनात मिळाला असता, म्हणून त्या जागांचे फोटो काही दिसत नसलं तरी मागवतो.

फोटो पाठवताना काय काळजी घ्यावी?

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि टिंबं एकमेकांत मिसळतात. `Document` म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. फिल्टर, रंग वाढवणं, कडा तीव्र करणं, पार्श्वभूमी पुसणं यांतलं काही नको. क्रम लावून पाठवा: आधी पूर्ण भांडं, मग बूड, आतली बाजू, काठ, मग खुणा, सांधे, झीज. प्रत्येकाखाली एक ओळ पुरते, "खांद्यावरचं नाव, उजेड वरून" अशी.

भांडं कुणाकडून आलं, ते घर मूळचं कुठलं, कोण कशासाठी वापरायचं हेही लिहा. घराचा पत्ता आणि फोटोतली ठिकाणाची नोंद मात्र अनोळखी माणसाकडे जाऊ देऊ नका. पाठवण्यापूर्वी मोबाइलच्या सेटिंगमधून ती काढून टाका.